गाडी धुवून आणतो

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सासूबाई बाळाला घेऊन त्यांच्या नणंदेकडे गेल्या होत्या, दुपारी दोनला निघाल्या आणि पाचला परत येणार होत्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा घरात आम्ही दोघंच. सकाळपासूनच माझ्या डोक्यात ते तीन तास होते. मी डोक्यावरून अंघोळ केली, कपाटातून तो निळा कुर्ता काढला ज्याला पुढे चेन नाही, म्हणजे जो मी गेल्या ऑगस्टपासून घातलाच नव्हता, आणि ओले केस घेऊन बाहेर हॉलमध्ये आले. नवरा सोफ्यावर बसला होता. त्यानं मान वर करून बघितलं, किल्ली उचलली आणि म्हणाला, "गाडी धुवून आणतो, फार घाण झालीये."

आणि गेला.

मी तशीच सोफ्यावर बसले, जिथे तो बसला होता तिथे, ती जागा अजून कोमट होती. खालून गाडी रिव्हर्स घेतानाचा पीं पीं आवाज आला आणि मग तोही बंद झाला. रडू वगैरे आलं नाही. फक्त एकच विचार डोक्यात घोळत राहिला, की हा दमलेला नाहीये. आदल्या रात्री तो बाहेरच्या खोलीत आठ तास झोपला होता, सकाळी बॅडमिंटन खेळून आला होता, पोहे दोनदा घेतले होते. दमलेला माणूस तीन तासांची शांतता मिळाली तर आडवा होतो, तो गाडी घेऊन उन्हात जाऊन उभा राहत नाही. इतके महिने मी स्वतःला जे सांगत आले होते की दमलाय बिचारा, नवीन जबाबदारी आहे, होईल सगळं नीट, ते त्या दुपारी मला स्वतःलाच पटेना.

कुणाला सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं. आई म्हणाली, बाळ झालं की असंच असतं, तुझे बाबा तर सहा महिने तुला उचलायलाही घाबरायचे. मैत्रीण म्हणाली, अगं आमच्याकडे पण तेच, दोन वर्षं जाऊ दे. खोटं कोणीच बोलत नाही, पण "असंच असतं" या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात असं मला आता वाटतं. एक म्हणजे थकवा, जो अंगात असतो. दुसरं म्हणजे दुरावा, जो अंगात नसतो, दोघांच्या मधे असतो. बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीत माणूस कमी बोलतो, जवळ येत नाही, विचारलं तर "काही नाही गं" म्हणतो. म्हणून तर इतकं फसायला होतं.

त्या दुपारी उठून मी ती वही काढली. दोनशे पानी, लाल कव्हरची, दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी सुरू करायला लावलेली. माझी डिलिव्हरी माहेरी, सांगलीला झाली, सिझेरियन होतं, दूध यायला उशीर झाला होता आणि मी घाबरले होते, तेव्हा सिस्टर म्हणाल्या की पोट भरतंय की नाही हे अंदाजानं ठरवू नका, लिहून ठेवा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं झालं पाहिजे, पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान ६ लंगोट ओले झाले पाहिजेत, मग काळजी नाही. म्हणून रकाने आखले, वेळ, डावी की उजवी, किती मिनिटं, सू, शी. बहुतेक बायका महिनाभरात ही वही बंद करतात. आमची चालू राहिली, कारण ती हळूहळू आमची दोघांची वही झाली होती.

तो पुण्यात, मी सांगलीत. त्याच्या कंपनीनं पाच दिवस सुट्टी दिली होती, खाजगी नोकरीत बापाला सुट्टी द्यायचा कायदाच नाही, केंद्र सरकारच्या नोकरीत निदान १५ दिवस मिळतात. मला मात्र २६ आठवडे. म्हणजे पहिल्या दिवसापासून एकाचं सगळं आयुष्य बदललं आणि दुसऱ्याचं पाच दिवसांनी सोमवार उजाडल्यावर पूर्ववत सुरू झालं. तो शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघायचा, पहाटे सांगलीत, रविवारी रात्री परत. माझ्या खोलीत शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा आणि दुधाचा असा एक आंबूस वास सतत असायचा, मालिशवाल्या मावशी सकाळीच यायच्या, आई डिंकाचे लाडू घेऊन मागे, आणि या सगळ्या बायकांच्या गर्दीत तो दाराशी पाहुण्यासारखा उभा असायचा, चप्पल कुठे काढू असं विचारत. पण शनिवारी रात्री वही त्याच्याकडे असायची. त्याचं अक्षर गोल आहे, लहान मुलासारखं. "३.१०, उजवी, १२ मि., सू झाली, शी पिवळी." आणि पुढे, रकान्याच्या बाहेर, पेन्सिलनं, "तू झोपेत हसलीस." एकदा लिहिलंय, "४.४०, डावी, १५ मि. तुझे केस गळतायत म्हणून रडू नको. मला आवडतात तसेच." मी हे सगळं तेव्हा वाचलंही नव्हतं नीट. तेव्हा मला फक्त डावी-उजवी दिसत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात आले आणि खरा थकवा तिथून सुरू झाला. माहेरी निदान आई होती. इथे सासूबाई सहकारनगरला, आम्ही सिंहगड रोडला, त्या दिवसा यायच्या पण रात्र आमचीच. वहीतली ती पानं बघितली तर रात्री चार-चार, पाच-पाच नोंदी आहेत, १२.२०, २.०५, ३.३०, ५.१५. अक्षर एक त्याचं, एक माझं. दोघांचंही वाकडंतिकडं. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी धड एक वाक्य बोललो नसू, जेवताना मान खाली, तो एकदा लिफ्टमध्ये उभ्याउभ्या झोपला होता. प्रेमाचं काहीच नव्हतं त्यात, कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं यांचं संपलं. पण मला तेव्हा एकदाही एकटं वाटलं नाही. हे मला वही बघताना कळलं. आम्ही दोघं एकाच खड्ड्यात होतो आणि ते दोघांना माहीत होतं.

डिसेंबर संपता संपता बाळ रात्री ११ ते ४ सलग झोपायला लागलं. वहीत ते स्पष्ट दिसतं, पान मोकळं मोकळं व्हायला लागतं. आता हिशोब सरळ होता. थकवा हेच कारण असेल तर झोप वाढली की तो उतरायला हवा, माणूस थोडा थोडा परत यायला हवा, आधी बोलणं, मग थट्टा, मग जवळ येणं. सगळं एकदम नाही, पण दिशा तरी तीच हवी. आमच्याकडे उलटं झालं होतं. जानेवारीत झोप वाढली, आणि तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. कारण दिलं की सकाळी मीटिंग असते. फेब्रुवारीत मी ऑफिसला जायला लागले तरी तो तिथेच. झोपेचा आलेख वर आणि आमचा खाली.

अर्थात मी लगेच त्याच्याकडे बोट दाखवायला मोकळी नव्हते, कारण शरीराच्या बाबतीत पहिली मागे सरकलेली मी होते. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या होत्या, टाका छान भरलाय, आता सगळं नॉर्मल. त्या "सगळं" मधे काय काय येतं ते मला कळलं होतं, पण मला ते शक्य नव्हतं. दुखायचं, कोरडं वाटायचं, आणि त्याहून म्हणजे इच्छाच नव्हती, हात जरी लागला तरी अंग आक्रसायचं. दिवसभर एक जीव छातीला चिकटलेला, त्याची नखं, त्याची लाळ, संध्याकाळी मला कोणाचाच स्पर्श नको असायचा, स्वतःचा कुर्तासुद्धा नको. मला वाटलं माझंच प्रेम आटलं. चौथ्या महिन्यात धीर करून डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत समजावलं, की अंगावर पाजत असताना प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे कोरडेपणा आणि इच्छा कमी होणं हे दोन्ही येतं, पाजणं कमी झालं की ते बरंचसं परत फिरतं, तोवर साधं वंगण जेल वापरा आणि दुखत असेल तर सहन करू नका. इतकी साधी गोष्ट. मला भयंकर हलकं वाटलं. पण मी घरी येऊन ते नवऱ्याला सांगितलंच नाही. मला कळलं म्हणजे त्याला कळलं असं मी धरून चालले. त्याला फक्त इतकंच माहीत होतं की त्यानं खांद्यावर हात ठेवला की मी तो झटकते.

आणखी एक गोष्ट तपासायची होती, आणि ती मी मुद्दाम लिहिते कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य फक्त बाईला येतं असं आपण धरून चालतो. पण बापांनाही येतं, २०१० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात साधारण दहातल्या एका बापामधे ते दिसलं होतं, आणि सगळ्यात जास्त बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. म्हणजे बारसं झालेलं असतं, पाहुणे गेलेले असतात, आईला सगळे विचारून झालेलं असतं, तेव्हा. पुरुष अशा वेळी रडतीलच असं नाही, चिडचिड करतात, कामात बुडतात, घरी येणं टाळतात. आयांसाठी १९८७ साली एडिंबरात बनवलेली एक दहा प्रश्नांची यादी आहे, मागच्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं असं विचारणारी, ती आता बापांसाठीही वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न हसण्याबद्दल आहे, गोष्टींमधली गंमत तुम्हाला दिसतेय का, हसू येतंय का. मी माझ्या मनातच त्याच्यासाठी तो प्रश्न सोडवला. तो हसत होता. मित्राचा फोन आला की बाल्कनीतून त्याचं ते मोठ्यानं हसणं ऐकू यायचं, जेवण नीट, खेळ नीट, बाळाला बघून तर चेहरा असा उजळायचा. काळोख सगळीकडे पसरलेला नव्हता. तो फक्त माझ्या खोलीच्या दाराशी सुरू होत होता. थकलेला माणूस सगळ्यांसाठी थकलेला असतो, खचलेल्या माणसाला सगळंच नकोसं होतं, आणि हा फक्त माझ्यापुरता बंद झाला होता.

हे कळणं फार वाईट होतं. आजार असता तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटून गेलं, आणि मग त्याचीच भीती वाटली.

वही चाळत चाळत मी जानेवारीवर आले आणि थांबले. ९ जानेवारी, रात्री १०.५०, त्याच्या गोल अक्षरात, "बाटली, ९० मि.ली." आणि पुढे काहीच नाही. किती प्यायला नाही, सू नाही, शी नाही. त्याच्यानंतर पूर्ण वहीत, मार्चपर्यंत, त्याचं अक्षर नाही. एकही नाही. रकाने सगळे माझे.

मला ती रात्र आठवली, आणि अंगावर काटा आला, कारण मी ती विसरून गेले होते. मी ऑफिसला जाण्याआधी बाळाला बाटलीची सवय लावायची म्हणून पंपानं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली होती. त्या ९० मिलीसाठी मी दुपारी चाळीस मिनिटं बसले होते, पंप टोचतो, दूध येत नाही, ज्याला हे माहीत नाही त्याला ते ९० मिली म्हणजे काय ते कळणार नाही. सासूबाई त्या दिवशी राहायला होत्या. नवरा म्हणाला, आज मी पाजतो, तू झोप. त्यानं बाटली थेट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली, खरं तर कोमट पाण्यात ठेवायची असते, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. मी पाणी प्यायला उठले, बाटलीला हात लावला तर चटका बसला. बाळ त्याच्या खांद्यावर रडत होतं. मी बाळ ओढून घेतलं, त्याच्या आईसमोर म्हणाले, "तुला एक गोष्ट धड जमत नाही, दे इकडे", आणि ती बाटली त्याच्या डोळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतली. गार करून देता आलं असतं कदाचित. मी ओतली. त्यानं काही म्हटलं नाही. वहीत तेवढं लिहिलं होतं आधीच, ते तसंच राहिलं.

थकव्याला अशी तारीख नसते, तो महिनोन्महिने साचत येतो. दुरावा शोधला तर कुठेतरी एक तारीख सापडते, निदान आमच्याकडे सापडली. अर्थात हे दोन्ही इतकं स्वच्छ वेगळं करता येतं असं मी म्हणणार नाही, कारण ती बाटली मी ओतली त्याला चार महिन्यांची अपुरी झोपच कारणीभूत होती. थकव्यानंच दार उघडून दिलं. पण आता मला झोप मिळाली म्हणून ते दार आपोआप बंद होणार नव्हतं.

रात्री बाळ झोपल्यावर मी वही त्याच्यासमोर ठेवली, ते पान उघडून. भांडायला नाही. मी म्हटलं, याच्यानंतर तुझं अक्षर का नाहीये? तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुला माझी गरज नव्हती ना." मी म्हटलं, मी दमले होते. तर म्हणाला, "हो, ते कळत होतं मला. म्हणूनच काही बोलता आलं नाही. दमलेल्या माणसावर चिडायचं कसं? मग मी बाजूलाच झालो." आणि मग, मी न विचारताच, "खरं सांगू का, आता मला आधीसारखं वाटत नाही. तू आत असतेस, बाळ असतं, मी बाहेरून बघतो. मला तुमच्या दोघांचं कौतुक वाटतं. पण तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटत नाही. का ते माहीत नाही."

हे ऐकायला मी तयार नव्हते. मला वाटलं होतं तो माफी मागेल किंवा मी मागेन आणि आम्ही रडू आणि संपेल. मी फक्त म्हटलं की डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तुला कधी सांगितलंच नाही, आणि मग ते सगळं सांगितलं, प्रोलॅक्टिन वगैरे, हात का झटकला ते, एकेक. तो म्हणाला, "हे ऑक्टोबरपासून असंच होतं?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्यानं ते मनातल्या मनात मागे जाऊन लावून बघितलं असावं, कारण तो गप्प होता, पण रोजचा गप्प नव्हता.

एवढंच ठरवलं त्या रात्री, की रात्री अकराचं पाजणं त्याचं. बाटली, गरम करणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, सगळं, आणि मी त्या वेळी खोलीत थांबायचं नाही. हे माझ्यासाठी किती कठीण गेलं ते मी सांगू शकत नाही. पहिल्या रात्री बाळ पंचवीस मिनिटं रडलं आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले, आत जायचं नाही म्हणून. नळ बंद केला तेव्हा घर शांत होतं. पाच-सहा दिवसांनी बाळ त्याच्या हातात वेगळ्याच पद्धतीनं झोपायला शिकलं, पालथं, त्याच्या पोटावर, मग तो त्याला अलगद उताणं करून पाळण्यात ठेवतो. मला ते जमत नाही. माझ्याकडे ते दूध शोधतं. मी काल दाराच्या फटीतून बघत होते, त्यानं बघितलं मला, आणि तोंडावर बोट ठेवून गप्प बस म्हणून खूण केली. कितीतरी दिवसांनी त्यानं मला काहीतरी न करण्याची आज्ञा केली आणि मला ते फार बरं वाटलं.

बाहेरच्या खोलीत तो अजून झोपतो. मी विचारलेलं नाही.

या रविवारी सासूबाई परत बाळाला घेऊन गेल्या, या वेळी फक्त दोन तास. मी काही वेगळं घातलं नव्हतं, तोच चेनवाला कुर्ता, केस बांधलेले. त्यानं किल्ली उचलली. माझ्या पोटात खड्डा पडला. दार उघडून तो उभा राहिला, चप्पल घालत घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतेस का?"

वॉशिंग सेंटरला दोन लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, एकीचा पाय तुटका, ती त्यानं घेतली. पत्र्याचं शेड, खाली काळं साबणाचं पाणी वाहतंय, एक मुलगा पाइपनं आमच्या गाडीवर फेस मारतोय. मागच्या काचेला बाळाच्या हाताचे ठसे होते, नाचणीच्या सत्त्वाचे, वाळून पांढरे झालेले. मुलगा तिथे फडकं घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "ते राहू दे."